पहिली ओंजळ

मंगळवार, रात्र

फोटोवाल्याने दुपारी थोडे फोटो पाठवले. सगळे नाहीत, निवडक. चहा घेता घेता सगळेच बघत बसलो. दादाही इथे आला होता, सासूबाईंनी मुद्दाम जेवायला बोलावलं होतं म्हणून. लाजाहोमाचा फोटो आला. माझी ओंजळ, तिच्यात पडणाऱ्या लाह्या आणि लाह्या घालणारे हात आत्याच्या मुलाचे. दादाने एक क्षण बघितलं, म्हणाला, "हा छान आलाय," आणि बोटाने पुढे सरकवला.

बास, एवढंच झालं. तेव्हापासून मला कशात लक्ष लागत नाहीये.

गुरुजींनी शनिवारी संध्याकाळीच विचारलं होतं, "लाजाहोमाला भाऊ कोण उभा राहणार?" आई रडवेली झाली होती, बाबा फोनवर होते. मी म्हटलं, "आत्याचा मुलगा आहे ना, चालेल." चालेल! किती पटकन म्हटलं मी ते. क्षणभरही थांबले नाही. सख्खा भाऊ विमानात आहे, बहिणीच्या लग्नासाठी अर्धी पृथ्वी ओलांडून येतोय, आणि बहीण हॉलवर चुडा सावरत म्हणते, चालेल.

काय झालं ते नीट लिहून ठेवते. घरात अजून प्रत्येकजण वेगळंच सांगतोय आणि आत्या तर "त्याला यायचंच नव्हतं वेळेवर" इथपर्यंत पोचली आहे.

दादाने ग्रुपवर लिहिलं होतं, "शुक्रवारी रात्री निघतोय, सकाळी सातला मुंबई." तारीख लिहिली नव्हती. शुक्रवारी रात्री निघालेला माणूस सकाळी सातला पोचतो म्हणजे शनिवारीच, असं आम्ही सगळ्यांनी धरलं. दादानेही तेच धरलं होतं. आईने भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये शनिवारच्या चौकोनात "चि. ७ वा." लिहून ठेवलं. शनिवारी सकाळी ग्रहमख, संध्याकाळी सीमांतपूजन, रविवारी ११ वाजून ४७ मिनिटांचा मुहूर्त. सगळं त्याच्या येण्याभोवती बसवलेलं.

शनिवारी पहाटे तीनला बाबांनी ड्रायव्हरला मुंबईला पाठवलं. सातला दादाचा मेसेज आला, "एअरपोर्टला पोचतोच आहे." आम्हाला वाटलं उतरला. नंतर, "चेक-इन झालं." मावशी म्हणाली, मधे विमान बदलायचं होतं ना, तिथलं असेल, उशीर झालेला दिसतोय. दहाला आला, "बसलो विमानात." तोवर ड्रायव्हर तीन तास आगमनाच्या दारासमोर नावाची पाटी धरून उभा.

शेवटी आत्याच्या मुलानेच दादाच्या मित्राकडून अख्खं तिकीट मागवलं. दादाने आम्हाला पाठवलेल्या तुकड्यात वेळा होत्या. पोचण्याच्या वेळेच्या खांद्यावर बारीक अक्षरात काहीतरी होतं, पण ते कापलं गेलं होतं. पूर्ण तिकिटावर दिसलं: 07:10, आणि वर चिमुकलं +2. एक नाही, दोन. निघाल्याच्या तारखेत दोन दिवस मिळवायचे. म्हणजे रविवार.

मी त्या दिवशी हे ऐकून फक्त घाबरले होते. समजून घेतलं काल रात्री, वहीत आकडे मांडून. थंडीच्या दिवसांत आपण कॅलिफोर्नियाच्या साडेतेरा तास पुढे असतो. शनिवारी सकाळी सातला मुंबईत आम्ही त्याची वाट बघत होतो, तेव्हा त्याच्याकडे शुक्रवारचे संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. तो अजून विमानतळाच्या रस्त्यावर होता. ज्या क्षणी तो उतरेल असं आम्ही धरलं, त्या क्षणी त्याचं विमान सुटलंसुद्धा नव्हतं.

पुढचं सरळ आहे. विमान रात्री साडेआठला सुटणार. मधला थांबा धरून प्रवास एकवीस तास दहा मिनिटांचा. त्यात घड्याळातले साडेतेरा मिळवले की चौतीस तास चाळीस मिनिटं. शुक्रवारच्या साडेआठपासून तेवढं पुढे मोजलं की नेमके रविवारचे सात वाजून दहा मिनिटं येतात. अख्खा शनिवार खिडक्यांची झापडं खाली ओढलेल्या अंधाऱ्या विमानात गेला. दादा म्हणतो, "मला एकच रात्र वाटली गं. झोपलो, उठलो, परत झोपलो." अंगाला एकच रात्र जाणवत असेल, तर मनाने एकच तारीख पुढे ढकलली यात त्याचं काय चुकलं?

आणि आणखी एक. तो तिकडे गेला तेव्हा मध्यरात्रीनंतर इथून निघाला आणि त्याच तारखेला तिथे पोचला. जाताना साडेतेरा तास वजा होतात, म्हणून एवढा लांबचा प्रवास तारखेच्या हिशेबात नाहीसाच होतो. येताना तेच तास अधिक होतात. पहिल्या वेळी परत आला ते तिकीट कंपनीने काढलेलं होतं, तो नुसता जाऊन बसला. या वेळी सुट्टी मिळेल की नाही ते शेवटपर्यंत कळत नव्हतं, रात्री उशिरा, थकलेला असताना त्याने तिकीट काढलं. आत्याला हे सांगायला हवं. मी सांगितलं नाही. तिथेही मी गप्पच बसले.

शनिवारची संध्याकाळ मला नीट आठवत नाही. सीमांतपूजनात सगळे विचारत होते, "भाऊ कुठाय?" आणि मी प्रत्येकाला हसून सांगत होते. रात्री खोलीत मात्र रडले. माझ्याच वाट्याला का, असं वाटलं. माझ्या सगळ्या मैत्रिणींच्या लग्नात भाऊ होते, रिक्षा आणायला, हार आणायला, उगाच ओरडायला. माझा भाऊ ढगात. आईशी तर मी बोललेच नाही, आणि आईचं त्यात काय होतं ते मलाही माहीत नाही.

रविवारी सकाळी मी गौरीहरापाशी बसले. पिवळी साडी, समोर अन्नपूर्णा, हातात अक्षता. मामा न्यायला येईपर्यंत हलायचं नाही आणि फोन तर नाहीच. मावशी मधून मधून दार ढकलून बातमी द्यायची. आठ वीसला बाहेर पडला, बॅगेला वेळ लागला. सव्वानऊला कळंबोली. पावणेदहाला खालापूरचा टोलनाका. तोवर मी मनात हिशेब करत होते की मुहूर्ताला पोचतो, अगदी आरामात पोचतो.

पण रविवार सकाळ आणि लोणावळा! खोपोलीच्या पुढे बोरघाटात पुण्याकडे येणाऱ्या गाड्या एकीला एक लागून उभ्या. एक ट्रेलर चढावर बंद पडला होता म्हणे. सव्वादहा, घाटात उभे. साडेदहा, तिथेच. पावणेअकरा, तिथेच. द्रुतगती मार्ग सगळा मिळून जेमतेम पंचाण्णव किलोमीटर, आणि त्यातल्या घाटाच्या एवढ्याशा तुकड्यात माझा भाऊ चाळीस मिनिटं अडकलेला. मावशी म्हणाली, "तो गाडीतून उतरून पुढे चालत जाऊन बघून आला." मला ते ऐकून इतकं भरून आलं. घाटात चालून काय होणार होतं? पण तो बसून राहिला नाही.

बाबांनी गुरुजींना विचारलं, दहा मिनिटं थांबता येईल का. गुरुजी शांतपणे म्हणाले, "मुहूर्त थांबत नाही. पण भावाचं काम लाजाहोमाला आहे. मधले विधी मी घाईत उरकणार नाही, एवढं करतो." त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

अंतरपाट दूर झाला तेव्हा दादा किवळ्याच्या पुढे होता. मंगलाष्टकं चालू असताना मी दाराकडेच बघत होते, हे फोटोतही दिसतं. कन्यादान झालं. होम पेटला. गुरुजींनी खरंच प्रत्येक गोष्ट सावकाश केली, मंत्रांचे अर्थसुद्धा सांगितले. पण कधीतरी ती वेळ यायचीच होती. आत्याचा मुलगा सूप घेऊन उभा राहिला. पहिली ओंजळ त्याने भरली. अग्नीत लाह्या पडल्या, फेरा झाला. तेवढ्यात हॉलच्या मागच्या बाजूला गलका झाला.

दादा तसाच आला. विमानातला चुरगळलेला शर्ट, वाढलेली दाढी. गुरुजींनी आधी हातपाय धुवायला लावले, खांद्यावर उपरणं टाकलं आणि सूप त्याच्या हातात दिलं. दुसरी ओंजळ त्याने भरली. तिसरीही. त्याचे हात थरथरत होते, लाह्या बाहेर सांडत होत्या. आमच्यात एक शब्द झाला नाही. मग नवऱ्याचा कान पिळायची वेळ आली तेव्हा त्याने इतका जोरात पिळला की तो खरंच ओरडला आणि सगळा हॉल हसला. दादाही हसला. मला वाटलं, झालं, मिटलं सगळं.

मिटलेलं नाही, हे आज दुपारी कळलं.

तो उशिरा आला याचं मला दुःख उरलेलंच नाही. मला टोचतंय ते माझं "चालेल." त्याच्या जागी दुसरं कुणी चालेल, हे मी मनाला कधी सांगून टाकलं होतं? शनिवारी? की तो तिकडे गेला तेव्हाच? राखी पोस्टाने जाते, भाऊबीज व्हिडिओवर होते, बाबांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला आत्याचा मुलगा रात्रभर दवाखान्यात बसतो. एकेका गोष्टीला चालेल म्हणत आलोय आम्ही. म्हणूनच त्या दिवशी तोंडातून इतकं सहज निघालं असेल.

संध्याकाळी नवऱ्याला हे सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "तू नाही म्हणाली असतीस तर काय झालं असतं? ओंजळ रिकामी राहिली असती." यावर माझ्याकडे उत्तर नाही. खरंच नाही. आणि आत्याच्या मुलाचं काय? तो सकाळपासून सोवळं नेसून सूपाशी उभा होता आणि दादाला बघताच एक शब्द न बोलता बाजूला झाला. त्याला मी अजून धन्यवादसुद्धा म्हटलेलं नाही. उद्या आधी त्याला फोन करायचा. पहिली ओंजळ त्याची होती आणि ती त्याचीच राहू दे, असं आता लिहिताना वाटतंय. दोन भावांनी भरलेल्या तीन ओंजळी. काय हरकत आहे?

दादाचं मात्र अजून ठरत नाही. त्याला विचारायचं की सांगायचं? तो "हा छान आलाय" म्हणाला ते मनापासून म्हणाला असेलही.

त्याच्या परतीच्या तिकिटावर गुरुवार आहे, पहाटे दोन चाळीस. जेवताना तो सासूबाईंना म्हणाला, "गुरुवारी रात्री निघेन." मी तिथेच थांबवलं. गुरुवारचे दोन चाळीस म्हणजे बुधवारची रात्र. त्याने तिकीट उघडलं, मी उघडलं, दोघांनी तारीख मोठ्याने वाचली. गाडी बुधवारी संध्याकाळी सहाला सांगितली आहे, घाटाचे दोन तास जास्तीचे धरून. आम्ही दोघंही सोडायला जाणार आहोत. पुढच्या सीटवर नवरा बसेल, मागे मी आणि दादा. पनवेलच्या आत मला बोलायचं आहे.