आमची वाटचाल : एक फाइल, एक प्रश्न, ४५ मिनिटं

सांगलीत आमचा टॅली आणि एक्सेलचा छोटा क्लास आहे. २०१७ च्या जुलैत जीएसटी लागू झाला आणि क्लासला येणारी मंडळी बदलली. आधी बारावी झालेली पोरं यायची, मग दुकानांचे आणि यंत्रमाग कारखान्यांचे अकाउंटंट येऊ लागले. त्यांना कोर्स नको होता, अडलेलं सोडवून हवं होतं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये वर्ग बंद पडले, पण फोन बंद झाले नाहीत. "मॅडम, जरा एक बघाल का?" म्हणून सुरू झालेलं बोलणं तासभर चालायचं आणि पैशांचा विषय दोन्ही बाजूंनी निघत नसे. त्यातूनच व्हिडिओवर, एकेकट्याला, पैसे घेऊन सल्ला द्यायचा हे ठरलं. आज क्लासपेक्षा हेच काम जास्त आहे, आणि ते मी व माझी भाची अशा दोघी मिळून बघतो.

वेळ किती ठेवायची, हा पहिला प्रश्न. लोक साधारणपणे अर्धा तास किंवा एक तास ठेवतात, कारण घड्याळाला ते सोयीचं. आम्ही आधी बघितलं की वेळ जातो कुठे. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : खरेदीचं रजिस्टर आणि जीएसटी पोर्टलवरचं २बी, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून दर महिन्याला तयार होणारी यादी, जुळत नाही. त्यात स्क्रीन शेअर होऊन योग्य फाइल समोर यायला आठ-दहा मिनिटं, फरक शोधायला वीस-पंचवीस, आणि समोरच्याने तेच स्वतःच्या हाताने एकदा करून बघायला दहा. अर्ध्या तासात शेवटचा भाग राहून जातो आणि तोच तर आम्ही विकतो. नाहीतर पुढच्या महिन्यात तोच माणूस त्याच प्रश्नासाठी परत येतो. पूर्ण तास दिला की शेवटी "आता बसलोच आहोत तर पगारपत्रकही बघूया" निघतं आणि दोन्ही कामं अर्धी राहतात. म्हणून ४५ मिनिटं, आणि एका बैठकीत एकच प्रश्न.

नमुन्यादाखल एक बैठक सांगते, म्हणजे ४५ मिनिटांत नक्की काय बसतं ते कळेल. आकडे ओळख पटणार नाही इतपत बदलले आहेत. हार्डवेअरचं दुकान, अकाउंटंट नवा. टॅलीतल्या खरेदीवर इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेला आणि आपल्या करातून वजा होणारा कर, १,८४,३२०, आणि २बी मध्ये १,७१,९००. फरक १२,४२० रुपये. तो दोन दिवस बिलं एकेक करून टिक करत बसला होता. आम्ही त्याला दोन्ही याद्या एका एक्सेल फाइलमध्ये दोन शीटवर घ्यायला लावल्या आणि दोन्हीकडे डी कॉलममध्ये पुरवठादाराचा जीएसटीआयएन, म्हणजे त्याचा जीएसटी नंबर, आणि बिल नंबर जोडून एकच ओळख तयार करायला सांगितली. पहिलं सूत्र दोन्ही शीटच्या डी कॉलममध्ये, दुसरं फक्त खरेदीच्या शीटवर, शेजारच्या कॉलममध्ये :

```
=B2&"|"&TRIM(C2)
=COUNTIF('2B'!D:D,D2)
```

दुसऱ्या सूत्राचं उत्तर शून्य आलं, की ते बिल २बी मध्ये नाही. इथे XLOOKUP ही वापरता येतं, पण दुकानांतल्या जुन्या एक्सेलमध्ये ते नसतं, म्हणून आम्ही COUNTIF वरच थांबतो. शून्यांची रांग लागली तेव्हा तो घाबरला. बहुतेक वेळा हे शून्य खोटं असतं : टॅलीत बिल नंबर "457" असा मारलेला, पुरवठादाराने मात्र "0457" किंवा "HW/457" भरलेला. रक्कम तीच, कर तोच, त्यामुळे एकूण फरकाशी याचा काही संबंध नाही, पण खरी न जुळणारी बिलं यांच्या गर्दीत लपतात. नंबर सारखे केल्यावर दोनच बिलं उरली. एकाचा कर ५,४००, दुसऱ्याचा ७,०२०. बेरीज १२,४२०, म्हणजे शोध संपला.

पहिला पुरवठादार तिमाही रिटर्न भरणारा होता आणि त्या महिन्याचं बिल त्याने अशा लोकांना दरमहा बिलं चढवायची जी मधली सोय असते तिच्यातून, पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत, चढवलंच नव्हतं. ते तिमाही संपल्यावर दिसणार. दुसऱ्याने बिल ग्राहकाच्या जीएसटीआयएनऐवजी किरकोळ विक्रीत दाखवलं होतं. त्याला फोन करून दुरुस्ती करून घ्यायला हवी, आपोआप काही होणार नाही. तोवर दोन्ही रकमांचं क्रेडिट घेता येत नाही, कारण जानेवारी २०२२ पासून २बी मध्ये दिसेल तेवढंच घेता येतं. कारण सापडलं, पुढे कोणाला फोन करायचा तेही कळलं. मग त्याने आधीच्या महिन्याची फाइल उघडून तीच दोन सूत्रं स्वतः लावली. रिटर्न आम्ही भरत नाही, ते त्यांच्या सीए किंवा कर सल्लागाराचं काम. पोर्टलचा पासवर्ड आणि ओटीपी आम्ही मागत नाही, दिला तरी घेत नाही. माउस शेवटपर्यंत समोरच्याच्या हातात असतो.

आता फी. बैठक ४५ मिनिटांची दिसते, पण आम्हाला ती तेवढ्यात पडत नाही. आदल्या दिवशी फाइल उघडून बघायला वीस मिनिटं लागतात आणि नंतर काय केलं ते चार ओळींत लिहून पाठवायला पंधरा. म्हणजे ८० मिनिटं. आम्ही ९०० रुपये घेतो, म्हणजे तासाला ६७५ पडले. क्लासमध्ये दहा जणांच्या बॅचमध्ये तासाला याहून जास्त सुटतं, हे खरं आहे. पण बॅच भरावी लागते, जागेचं भाडं असतं आणि विजेचं बिल येतं. फी ठरवताना "बाजारात काय चाललंय" यापेक्षा हा ८० मिनिटांचा हिशेब आधी मांडला, आणि मला तोच भरवशाचा वाटतो. सात दिवसांत त्याच फाइलवर शंका आली तर २० मिनिटांचे ३०० रुपये. त्यानंतर नवी बैठक.

फीवरून घासाघीस होतेच. "हे तर पाच मिनिटांचं काम आहे, मॅडम," हे वाक्य सर्वांत जास्त ऐकू येतं. त्यावर माझं उत्तर ठरलेलं आहे : "असेल तर उरलेल्या चाळीस मिनिटांत तुम्ही ते मला करून दाखवा." हसून मान्य करतात. पैसे कमी करायचे नाहीत, वेळ तेवढाच द्यायचा, हे भाचीनेही पक्कं धरलं आहे. सेवेसाठी वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असल्याने आमची जीएसटी नोंदणी नाही आणि आम्ही बिलावर कर लावत नाही. जीएसटी शिकवणाऱ्यांकडेच जीएसटी नंबर नाही, याची थट्टा होते, होऊ दे.

पैसे आधी घ्यायचे, हे ठरवायला वेळ लागला नाही. प्रश्न होता तो वेळ राखून ठेवण्याच्या साधनाचा. आम्ही गुगल कॅलेंडरमधली अपॉइंटमेंटची सोय वापरतो. साध्या खात्यावरही एक पान फुकट मिळतं आणि आमचं तेवढ्यावर भागतं. त्यात बैठकीची लांबी ४५, दोन बैठकांमध्ये १५ मिनिटं रिकामी, दिवसाला जास्तीत जास्त चार, आणि किमान एक दिवस आधी नोंदणी, असं लावलं आहे. ती पंधरा मिनिटं वाया जात नाहीत. मागच्या बैठकीच्या नोंदी तेव्हाच लिहून होतात, नाहीतर संध्याकाळपर्यंत कोणाचा कोणता फरक होता ते आठवत नाही.

अडचण अशी, की हे पान पैसे आले की नाही ते बघत नाही, लगेच वेळ पक्की करतं. पैसे पेमेंट गेटवेने घेता येतात, पण त्यात साधारण दोन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी जातो, म्हणजे ९०० मागे एकवीस रुपये. ते फार नाहीत, पण आमच्या ग्राहकांना यूपीआयचीच सवय आहे. त्यामुळे आधी क्यूआर कोड, पैसे आल्यावर व्हॉट्सअॅपवर नोंदणीची लिंक, आणि त्या फॉर्मात यूपीआय व्यवहाराचा १२ आकडी नंबर सक्तीचा. याचं कारण, एकदा मिळालेली लिंक लोक जपून ठेवतात आणि पुढच्या महिन्यात पैसे न भरता वापरतात. मुद्दाम नाही, सहज. नंबर तोच दुसऱ्यांदा आला की भाचीला लगेच कळतं.

फॉर्मात आणखी दोनच प्रश्न आहेत : कोणता महिना, आणि तुमच्या मते फरक किती रुपयांचा आहे. दुसऱ्याचं उत्तर "माहीत नाही" असेल तर आम्ही बैठकीआधीच फोन करतो, कारण तिथे बहुतेकदा फाइलच चुकीची डाउनलोड केलेली असते.

व्हिडिओसाठी गुगल मीट. झूमच्या फुकट खात्यावर ४० मिनिटांनी बैठक तुटते, म्हणजे नेमकी आमच्या शेवटच्या पाच मिनिटांआधी. मीटवर दोघांच्या बैठकीला ती अडचण नाही. मालक तिसऱ्या फोनवरून आत आला तर फुकट खात्याला एक तासाची मर्यादा लागते, पण तोवर आपलं काम झालेलं असतं. ग्राहकाने कॉम्प्युटरवर बसायचं ही अट आहे. मोबाइलवर एक्सेलच्या ओळी दोघांनाही दिसत नाहीत. नेट रखडलं तर आधी कॅमेरा बंद, तरी रखडलं तर आवाज फोनवर आणि स्क्रीन मीटवर. चेहरा दिसला नाही तरी चालतं, सेल दिसला पाहिजे.

वेळ बदलायची असेल तर आदल्या संध्याकाळी सातपर्यंत कळवायचं, बदल एकदाच. न सांगता आलं नाही तर दहा मिनिटं थांबतो, मग पैसे परत नाहीत. आमच्याकडून बैठक रद्द झाली तर पूर्ण पैसे त्याच दिवशी परत.

सगळ्यांत कठीण आठवडा १४ ते २० तारखेचा. १४ ला २बी तयार होतं, दर महिन्याला भरणाऱ्यांना २० पर्यंत ३बी हे कर भरायचं रिटर्न भरायचं असतं, आणि सगळ्यांना त्याच दिवसांत वेळ हवी असते. या आठवड्यात फी वाढवा, असं आमच्या ओळखीच्या सीएने सुचवलं होतं. ते केलं नाही, कारण तेव्हा येणारा माणूस कात्रीत सापडलेला असतो. त्याऐवजी ज्यांना २बी तपासायचं नाही, ज्यांचं पगारपत्रक किंवा स्टॉकचं काम आहे, त्यांना आम्ही २१ नंतरच्याच वेळा देतो. त्यासाठी पानावर त्या आठवड्याच्या वेळा दर महिन्याला हाताने बंद-चालू कराव्या लागतात आणि ते काम भाचीच्या नावावर आहे. दिवसाला चारच्या वर जायचं नाही, हे मात्र त्या आठवड्यातही पाळतो. पाचवी बैठक घ्यायची तर वीस मिनिटं आधी फाइल बघणं गळतं, आणि मग पहिली दहा मिनिटं ग्राहकाच्या पैशांनी आम्ही फाइल वाचत बसतो.