न केलेल्या नुकसानीचा आनंद

‘शाडनफ्रॉयडे’ या जर्मन शब्दाचे दोन तुकडे पडतात. ‘शाडेन’ म्हणजे नुकसान किंवा हानी आणि ‘फ्रॉयडे’ म्हणजे आनंद. दोन शब्द शेजारी ठेवून तिसरा घडवणे ही जर्मन भाषेची रोजची सवय आहे, त्यामुळे हा शब्द घडवायला तिला फारसे श्रम पडले नसावेत. संस्कृतच्या आधाराने आपल्यालाही ‘परहानिसुख’ असा तत्पुरुष समास क्षणात करता येईल. अडचण इतकीच की तो कोणी तोंडाने म्हणणार नाही. जर्मनमध्ये मात्र हा शब्द लहान मुलांनाही ठाऊक असतो, अशा माणसासाठी ‘शाडनफ्रो’ हे विशेषणही आहे, आणि हा सर्वांत सुंदर आनंद आहे असे सांगणारी एक मिस्कील म्हणसुद्धा आहे.

नेमकी भावना कोणती, हे पाहण्यासाठी 4 जुलै 1998 चा दिवस घेऊ. फ्रान्समध्ये फुटबॉलचा विश्वचषक चालू होता. दुपारी मार्सेयमध्ये नेदरलँड्सने अर्जेंटिनाला 2-1 असे हरवून उपांत्य फेरी गाठली आणि त्याच रात्री लिओंमध्ये क्रोएशियाने जर्मनीला 3-0 असे बाहेर काढले. डच प्रेक्षकांचा जर्मनीवर जुना राग होता; 1974 च्या अंतिम सामन्यात म्युनिकमध्ये पश्चिम जर्मनीने त्यांना 2-1 असे हरवले होते. जर्मनीच्या या पराभवावर डच लोकांना किती आनंद झाला, याचा सामाजिक मानसशास्त्रज्ञांनी पुढे अभ्यासही केला. आता या आनंदाचे हिशेब पाहा. डच संघाची गाठ उपांत्य फेरीत ब्राझीलशी होती. जर्मनी जिंकती, तरी तिची लढत फ्रान्सशी झाली असती. म्हणजे तातडीचा लाभ काही नव्हता. गोल क्रोएशियाने केले होते, डचांनी बोटही हलवले नव्हते. तरीही दुपारच्या स्वतःच्या विजयाच्या आनंदाहून वेगळा असा एक आनंद रात्री झाला, आणि जर्मन शब्द नेमका त्याच दुसऱ्या आनंदाला चिकटतो.

मराठी शब्द येथे एकेक करून सुटून जातात. ‘असूया’ आणि ‘मत्सर’ दुसऱ्याच्या भाग्याने दुखतात. येथे तर दुसऱ्याच्या दुर्भाग्याने सुख होते. मत्सर हे या आनंदाचे एक कारण असू शकते, पण तो आनंद नव्हे. ‘सूड’ म्हटले की कृती आली, आणि येथे माणूस केवळ प्रेक्षक आहे. ‘आसुरी आनंद’ सर्वांत जवळ येतो खरा, पण तो फार जड आहे: त्यात छळ करणाऱ्याचे अट्टहास ऐकू येते, तर घरी बसून प्रतिस्पर्ध्याचा पराभव पाहणाऱ्या प्रेक्षकात असुर कुठे शोधायचा? उरते ‘बरी जिरली!’ माझ्या मते मराठीतली ही खरी जोड आहे, मात्र ती भावनेचे नाव नसून उद्गार आहे, आणि तिच्यात न्यायनिवाडाही आहे. जिरायला आधी माज असावा लागतो. शाडनफ्रॉयडेला समोरच्याचा माज आवडतो, त्याने चव वाढते, पण त्यावाचून त्याचे अडत नाही. परिचिताच्या नव्या गाडीला पहिल्याच आठवड्यात ओरखडा पडला, तर त्या बिचाऱ्याने काहीही आगळीक केलेली नसताना आपल्या मनात कोपऱ्यात काहीतरी हलते.

शब्दातला ‘शाडेन’ म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. तेथे ‘दुःख’ नाही, ‘नुकसान’ आहे. डच भाषेत याच भावनेला ‘लेडफरमाक’ म्हणतात आणि त्यातला पहिला भाग मात्र दुःखाचा आहे. मला जर्मन शब्द अधिक अचूक वाटतो, कारण नुकसान जोवर भरून निघण्याजोगे असते तोवरच हे सुख टिकते. हरलेल्या संघातला एखादा खेळाडू मोडलेल्या पायाने मैदानावर पडून राहिला, तर बहुतेक प्रेक्षकांचे हसू ओठांवरच थिजते. ज्याचे थिजत नाही, त्याच्यासाठी ‘आसुरी’ हा आपला शब्द राखून ठेवावा.

ही भावना काही जर्मनांचा मक्ता नाही. ॲरिस्टॉटलने तिला ग्रीक नाव दिले होते, ‘एपिखाइरेकाकिया’, आणि मत्सर व निर्लज्जपणा यांच्याबरोबर तिची गणना अशा भावनांत केली होती की ज्यांच्या नावातच वाईटपणा सामावलेला आहे. डॅनिश, स्वीडिश आणि रशियन भाषांतही तिला एकेरी शब्द आहे. इंग्रजीने मात्र जर्मन शब्द जसाच्या तसा उचलला, आणि तो वापरणाऱ्या सुरुवातीच्या लेखकांपैकी एक असलेल्या एका धर्मगुरूने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात, अशा सुखासाठी एखाद्या भाषेत शब्द असावा हेच भयंकर आहे, अशी खंत व्यक्त केली. परकीय शब्द वापरण्यात ही एक सोय असते: भावना आपली राहते आणि तिचे दूषण दुसऱ्या देशाच्या माथी जाते.

डच प्रेक्षकांचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. तीनच दिवसांनी, 7 जुलैला, मार्सेयमध्येच ब्राझीलने नेदरलँड्सला पेनल्टींवर हरवले. जर्मन प्रेक्षकांपाशी त्या संध्याकाळसाठी शब्द आधीपासून तयार होताच.