झेरॉक्सची झेरॉक्स आणि बँकेतली प्रत

नागपूरच्या जिल्हा न्यायालयात गेली एकोणीस वर्षे मी दिवाणी दावे चालवते. एका दाव्यातला उलटतपासणीचा दिवस उलटून आता काही महिने झाले, तरी तो मनातून जात नाही, म्हणून तो लिहून ठेवते आहे. पक्षकारांची ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत.

माझे पक्षकार सत्तरीतले निवृत्त कर्मचारी आहेत. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्यांनी हुडकेश्वर भागातल्या एका भूखंडाचा सौदा केला, शंभर रुपयांच्या मुद्रांकपत्रावर आणि दोन हिरव्या कागदांवर इसारपत्र झाले, आणि तीन लाख रुपये रोख दिले गेले. जून महिन्यात विक्रेता घरी आला आणि विक्रीपत्राचा मसुदा करायचा आहे असे सांगून मूळ इसारपत्र घेऊन गेला. त्यानंतर विक्रीपत्रही झाले नाही आणि कागदही परत आला नाही. २०१६ मध्ये करारपूर्तीचा दावा दाखल झाला. विक्रेत्याचे म्हणणे एका ओळीचे होते, की असा कोणताही करार कधी झालाच नाही. आमच्याकडे होती ती केवळ एक झेरॉक्स.

न्यायालयात झेरॉक्स चालत नाही, असे लोक सरसकट म्हणतात, आणि नवे वकीलही बऱ्याचदा तेच धरून चालतात. कायदा तसे म्हणत नाही. दस्तऐवजातला मजकूर मूळ दस्तऐवजानेच, म्हणजे प्राथमिक पुराव्यानेच, सिद्ध करायचा हा नियम आहे. पण मूळ का आणता येत नाही याचे कायद्याने मान्य केलेले कारण आधी सिद्ध केले, तर प्रत दुय्यम पुरावा म्हणून येऊ शकते. ती कारणे १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या कलम ६५ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ती कलम ६० मध्ये आहेत, मात्र आधीपासून प्रलंबित असलेल्या दाव्यांना जुनाच कायदा लागू राहतो, त्यामुळे आमची सगळी लढाई कलम ६५ वर होती.

या कलमातली दोन कारणे आमच्या कामाची होती. मूळ कागद विरुद्ध पक्षाच्या ताब्यात आहे आणि नोटीस देऊनही तो हजर करत नाही, हे पहिले. आणि मूळ कागद हरवला किंवा नष्ट झाला, हे दुसरे. वरवर पाहता दोन्हींचा शेवट एकच दिसतो, पण त्या दोन वेगळ्या हकिकती आहेत. पहिली सांगणाऱ्याला कागद कोणाच्या हातात गेला हे माहीत असते, आणि दुसरी सांगणाऱ्याला तो कुठे गेला हे माहीत नसते. एकच माणूस एकाच कागदाबद्दल दोन्ही सांगू लागला, तर त्याच्या कुठल्याच सांगण्यावर विश्वास बसत नाही.

पहिल्याच भेटीत हे गृहस्थ मला म्हणाले होते, "कागद त्यायच्याजवळच हाय जी, मॅडम." त्या शब्दावर विसंबून मी पहिले कारण धरले. कलम ६६ प्रमाणे मूळ इसारपत्र हजर करण्याची नोटीस प्रतिवादीला पोचपावतीच्या रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली आणि तीच त्यांच्या वकिलांनाही दिली. असा कागद अस्तित्वातच नाही, असे उत्तर आले. ते अपेक्षितच होते. प्रतिवादीने नुसते नाकारले म्हणून दुय्यम पुराव्याचा मार्ग बंद होत नाही. पण मूळ कागद होता आणि तो त्याच्याकडे गेला, हे मग आपल्याला साक्षीने उभे करावे लागते.

उलटतपासणीच्या दिवशी प्रतिवादीच्या वकिलांनी सुरुवातीची दहा मिनिटे भूखंडाच्या चतुःसीमा विचारण्यात घालवली आणि नंतर शांतपणे एक कागद साक्षीदारापुढे ठेवला. ती सप्टेंबर २०१५ मध्ये पोलीस ठाण्यात दिलेली, इसारपत्र प्रवासात हरवल्याची तक्रार होती. ती आमच्याच फायलीतून आली होती. माझ्याआधीच्या वकिलांनी दाव्यासोबतच्या कागदपत्रांच्या यादीत ती शेवटच्या क्रमांकावर दाखल केली होती. वकीलपत्र घेताना मी यादी वाचली होती, पण "पोलीस तक्रारीची प्रत" एवढ्या नोंदीमागचा कागद उघडून पाहिला नव्हता. ही चूक पूर्णपणे माझी आहे.

"सही तुमचीच आहे ना?" या प्रश्नाला त्यांनी होकार दिला, आणि "मग कागद हरवला हे खरे, की प्रतिवादीने नेला हे खरे?" या प्रश्नाला ते बराच वेळ गप्प राहिले. न्यायाधीश महोदयांनी साक्षीदार थांबला आहे अशी नोंद केली नाही, याबद्दल मी आजही त्यांची कृतज्ञ आहे, कारण सत्तरीतला माणूस केवळ खोटेपणामुळेच नव्हे तर भीतीनेही थांबतो. फेरतपासणीत मी एकच प्रश्न विचारला, की ही तक्रार का दिली. न्यायालयाबाहेरच्या एका टंकलेखकाने सांगितले होते की झेरॉक्स चालवायची असेल तर हरवल्याची तक्रार लागतेच, म्हणून त्याने टाइप करून दिली आणि आपण सही केली, असे त्यांनी सांगितले. मला ते खरे वाटते. मूळ कागद नाही म्हटले की हरवल्याची तक्रार करून ठेवा, हा सल्ला न्यायालयाच्या आवारात इतक्या सहज दिला जातो की आपण पक्षकाराला पोलिसांपुढे असत्य लिहायला लावतो आहोत, हे सल्ला देणाऱ्याच्या मनातही येत नाही.

पण त्या दिवसाचा दुसरा धक्का माझ्या दृष्टीने अधिक मोठा होता. प्रतिवादीच्या वकिलांनी झेरॉक्स प्रकाशासमोर धरून विचारले, की डाव्या समासात छिद्रांच्या दोन जोड्या कशा दिसतात. एक जोडी खरी, आमच्या फायलीसाठी पाडलेली. आणि तिच्या आत, बोटभर अंतरावर, दोन करडी वर्तुळे, जी छिद्रे नव्हती तर छिद्रांची छापलेली सावली होती. म्हणजे जिच्यावरून ही झेरॉक्स काढली, तो कागदही कधीतरी फायलीत लागलेला होता, आणि मूळ इसारपत्राला तर कुणी छिद्र पाडलेच नव्हते. एकदा दिसल्यावर बाकीचेही दिसू लागले: शिक्क्याच्या अक्षरांची पोटे शाईने भरलेली, सहीच्या रेषा जाड झालेल्या, कोऱ्या जागेत काळे ठिपके. ही झेरॉक्सची झेरॉक्स होती. आक्षेप नेमक्या वेळी, कागद पुराव्यात दाखल होण्याआधी घेतला गेला. पुरावा देण्याच्या पद्धतीवरचा आक्षेप त्याच वेळी घ्यावा लागतो, नंतर अपिलात तो सहसा ऐकला जात नाही. हे भान राखणारे वकील आता कमी भेटतात, आणि विरुद्ध बाजूला असूनही मला त्यांच्याबद्दल आदर वाटला.

यांत्रिक प्रक्रियेने मूळ कागदावरून काढलेली प्रत हा दुय्यम पुरावा आहे. प्रतीवरून काढलेली प्रत मात्र तेव्हाच चालते, जेव्हा ती मूळ कागदाशी ताडून पाहिलेली असते, किंवा पहिली यांत्रिक प्रत मुळावरून निघाल्याचे सिद्ध होते आणि दुसरी तिच्याशी ताडलेली असते. आमची प्रत कशाशीच ताडलेली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये अशोक दुलीचंद प्रकरणात फोटोप्रत नाकारताना हेच विचारले होते, की ती कोणत्या परिस्थितीत तयार झाली आणि त्या वेळी मूळ कागद कोणाच्या ताब्यात होता. यंत्राजवळ कोण उभे होते, हा प्रश्न मी माझ्या पक्षकारांना तोवर कधी विचारलाच नव्हता.

त्या संध्याकाळी तो विचारला. झेरॉक्स काढायला सून गेली होती. मार्च २०१४ मध्ये, म्हणजे मूळ कागद घरात असतानाच, तिने दोन प्रती काढल्या होत्या; एक गृहकर्जाच्या अर्जासोबत बँकेत दिली, दुसरी घरी ठेवली, आणि घरची प्रत पुढे एका वकिलाकडून दुसऱ्याकडे जाताना गहाळ झाली. कर्ज मंजूर झाले नाही, म्हणून बँकेचा उल्लेख करावा असे कुणालाच वाटले नव्हते.

बँकेला समन्स काढून कर्जाच्या अर्जाची फाइल मागवली. तिच्यात इसारपत्राची पूर्ण लांबीच्या कागदावरची स्वच्छ प्रत होती आणि प्रत्येक पानावर "मूळ दस्तऐवजावरून पडताळले" असा शिक्का, सही आणि तारीख होती. शिवाय तिच्यात मुद्रांकपत्राची मागची बाजूही होती, जी आमच्या प्रतीत नव्हती. मुद्रांक विक्रेत्याने घातलेला अनुक्रमांक, विक्रीची तारीख आणि खरेदीदाराचे नाव हे सारे मागेच असते. झेरॉक्स काढताना पुढचीच पाने काढण्याची सवय किती महाग पडते, हे त्या दिवशी समजले.

सही करणारे अधिकारी निवृत्त झाले होते, तरी साक्षीला आले. सही आणि शिक्का त्यांनी ओळखला. उलटतपासणीत त्यांना विचारले, की हे विशिष्ट इसारपत्र पाहिल्याचे आज आठवते का. त्यांनी सरळ सांगितले, की आठवत नाही. पण मूळ समोर ठेवून ओळ न् ओळ पाहिल्याशिवाय आपण हा शिक्का कधीच मारला नाही. सुनेची साक्ष त्याआधी झाली होती, तिने दुकान, महिना आणि हातातला मूळ कागद हे तिन्ही नीट सांगितले होते.

न्यायाधीश महोदयांनी बँकेच्या प्रतीला निशाणी क्रमांक दिला आणि आमची प्रत "आर्टिकल ए" म्हणून ओळखीपुरतीच ठेवली. आदेशात त्यांनी स्पष्ट लिहिले, की प्रत वाचायला परवानगी मिळाली म्हणजे करार सिद्ध झाला असे नव्हे. प्रतिवादीने सही केली की नाही आणि हरवल्याच्या तक्रारीचे वजन किती, हे अंतिम निकालात ठरेल. ते योग्यच आहे. सही तपासून घ्यावी तर हस्ताक्षरतज्ज्ञाला लेखणीचा दाब, रेषेचा ओघ आणि लेखणी कुठे उचलली याच्या खुणा हव्या असतात, आणि त्या कुठल्याही झेरॉक्समध्ये उतरत नाहीत. त्यामुळे सहीसाठी आम्हाला इसारपत्रावरच्या साक्षीदारांवरच उभे राहावे लागणार आहे, आणि त्या दोघांपैकी एक आता हयात नाही.

मी अजून त्या निवृत्त अधिकाऱ्यांच्या उत्तरावर अडकते. आठवते, असे ते सहज म्हणू शकले असते आणि ते खोटे आहे हे कुणालाही दाखवता आले नसते. माझ्या पक्षकारांच्या तक्रारीतले असत्य आणि त्यांचे हे "आठवत नाही" आता एकाच दाव्याच्या कागदांत शेजारी शेजारी आहेत, आणि निकाल देताना दोन्ही वाचले जातील. बँकेच्या प्रतीच्या मागच्या बाजूवरचा अनुक्रमांक घेऊन मी मुद्रांक विक्रेत्याची २०१४ ची नोंदवही मागवण्याचा अर्ज दिला आहे. त्यावर पुढच्या तारखेला सुनावणी आहे.