फोटोत हरवलेलं शून्य आणि १९८ माणसं

मी बारावीच्या मुलांना गणित शिकवते. परीक्षा जवळ आली की रात्री दहानंतर व्हॉट्सॲपवर डाउट्सचे फोटो यायला लागतात, तिरके, सावली पडलेले, कधी अर्धं पान कापलेले. गेल्या गुरुवारी आलेला असाच एक फोटो मी रात्री साडेबारापर्यंत हातातून सोडला नाही, आणि त्यात शेवटी त्या मुलीच्या आईशी पण बोलणं झालं, म्हणून इथे लिहून ठेवतेय.

प्रश्न ओळखीचा होता, बेझच्या प्रमेयावरचा. एका आजाराची रक्ततपासणी आहे. आजार असेल तर ती ९९% वेळा तो पकडते. निरोगी माणसांतही काही टक्के वेळा ती चुकून पॉझिटिव्ह येते. लोकसंख्येत आजार ०.१% लोकांना आहे. आता एका माणसाची टेस्ट पॉझिटिव्ह आली, तर त्याला खरंच आजार असण्याची शक्यता किती?

मुलीने वहीत उत्तर काढलं होतं ९९%, आणि खाली लिहिलं होतं, "मॅडम, आन्सर की मध्ये २२/१३३ आहे, की चुकलीय ना?"

तिच्या वहीतली पहिलीच ओळ होती P(आजार | पॉझिटिव्ह) = ०.९९. चूक तिथेच झाली होती, पुढचं सगळं नुसतं उतरवलेलं. प्रश्नात दिलं होतं ते उलटं, P(पॉझिटिव्ह | आजार) = ०.९९. त्या उभ्या रेघेच्या अलीकडचं पलीकडे झालं की प्रश्नच बदलतो. पण हे नुसतं सांगून मुलांच्या गळी उतरत नाही हे मला इतक्या वर्षांत कळलंय, ती "हो मॅडम" म्हणतात आणि पुढच्या गणितात परत तेच करतात. म्हणून मी सूत्र बाजूला ठेवायला सांगितलं आणि म्हटलं, टक्के विसर, माणसं मोज. एक लाख माणसं घे.

एक लाखात ०.१% म्हणजे १०० आजारी, ९९,९०० निरोगी. १०० आजाऱ्यांपैकी ९९ पॉझिटिव्ह. आता निरोगी लोकांमध्ये किती टक्के चुकून पॉझिटिव्ह, हे फोटोत बघितलं तर मला ५% दिसलं. तिनेही टाइप करून ५%च पाठवलं. ९९,९०० चे ५% म्हणजे ४,९९५. एकूण पॉझिटिव्ह ५,०९४, त्यात खरे आजारी ९९. उत्तर ९९/५,०९४, म्हणजे ११/५६६, दोन टक्क्यांच्या जरासं खाली.

की मध्ये मात्र २२/१३३, म्हणजे साधारण साडेसोळा टक्के.

हे दोन टक्केवालं उत्तर बघून मी जराशी थबकले, कारण ते मला दुसरीकडून ओळखीचं होतं. १९७८ साली हार्वर्डच्या हॉस्पिटल्समधल्या ६० डॉक्टर आणि मेडिकलच्या विद्यार्थ्यांना असाच प्रश्न विचारला होता, आजार हजारात एकाला, निरोगी माणसात चुकून पॉझिटिव्ह ५%. बरोबर उत्तर दोन टक्क्यांच्या आसपास. ६० पैकी ११ जणांनी ते दिलं आणि जवळजवळ निम्म्यांनी ९५% सांगितलं. म्हणजे ही उलटापालट बारावीच्या पोरांचीच नाही, हे मी दर वर्षी वर्गात सांगते. पण त्या रात्री ते आठवून उपयोग नव्हता, माझं टेबल बरोबर असेल तर की चूक, किंवा मग फोटोतून मी काहीतरी चुकीचं वाचलंय.

की चुकीची म्हणून सोडून देणं सोपं होतं. त्यापेक्षा मी उलटं मोजलं. की बरोबर धरली तर ९९ माणसं हा एकूण पॉझिटिव्हचा २२/१३३ वा भाग असायला हवा. म्हणजे एकूण पॉझिटिव्ह ५९८.५. त्यातून ९९ वजा केले की उरले ४९९.५ चुकीचे पॉझिटिव्ह. आणि ९९,९०० पैकी ४९९.५ म्हणजे बरोब्बर ०.५%.

मग फोटो बोटांनी मोठा करून बघितला. पान जिथे दुमडलं होतं तिथेच तो आकडा होता, शून्य आणि दशांशचिन्ह घडीच्या काळ्या रेघेत गेलेलं, बाहेर उरला होता फक्त ५. मी तिला म्हटलं, अगं पुस्तक समोर आहे ना, पान सरळ करून ती ओळ वाच. तिचा मेसेज आला, "मॅडम ०.५ आहे."

कीशी जुळतंय म्हणून ०.५ धरून पुढे गेले नाही, आधी तिला छापील पानावर बघायला लावलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. उत्तरावरून मागे येऊन आकडा शोधला की संशय कुठे घ्यायचा एवढंच कळतं. खात्री पानावरच होते.

आता टेबल परत मांडायचं तर एक लाखात ते ४९९.५ येतात, आणि अर्ध्या माणसाला पॉझिटिव्ह कसं म्हणणार. मुलं इथे ५०० करून टाकतात आणि मग उत्तर कीशी जुळत नाही म्हणून गोंधळतात. त्यापेक्षा माणसंच दुप्पट घ्यायची. दोन लाख.

| | पॉझिटिव्ह | निगेटिव्ह | एकूण |
|---|---|---|---|
| आजारी | १९८ | २ | २०० |
| निरोगी | ९९९ | १,९८,८०१ | १,९९,८०० |
| एकूण | १,१९७ | १,९८,८०३ | २,००,००० |

१९८/१,१९७. वर खाली ९ ने भाग दिला की २२/१३३.

मग मी तिला विचारलं, तुझं ९९% या टेबलात कुठे आहे ते शोध. तिने दोन मिनिटांत शोधलं, १९८/२००. आडव्या ओळीत. म्हणजे तेच १९८ लोक, फक्त छेद वेगळा. ही गोष्ट मला या टेबलात सगळ्यात आवडते, की अंश हलतच नाही. १९८ ला २०० ने भागलं तर टेस्ट किती आजारी पकडते ते कळतं, १,१९७ ने भागलं तर रिपोर्ट हातात आलेल्या माणसाला हवं ते उत्तर मिळतं, आणि २,००,००० ने भागलं तर ०.०९९%, जे काही मुलं ०.००१ × ०.९९ करून तिथेच थांबल्यावर लिहून येतात. तिन्ही उत्तरं एकाच चौकटीतून निघतात, म्हणून सूत्रात ती सहज एकमेकांच्या जागी बसतात.

आणि आपल्या भाषेत छेद ओळखायला एक शब्द तयारच आहे, "पैकी". इंग्रजीत प्रश्न वाचताना given कुठे लागतं, if कुठे लागतं यात मुलं अडकतात. मी तिला वाक्य मराठीत लिहायला लावलं. "आजारी असलेल्यांपैकी पॉझिटिव्ह किती" आणि "पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी आजारी किती". पैकीच्या आधी जे कोण आहेत ते छेदात जातात. पुस्तकाने दिलंय पहिलं वाक्य, विचारलंय दुसरं. तिने दोन्ही वाक्यं लिहून, पैकीच्या आधीच्या शब्दांखाली रेघ मारून फोटो पाठवला, या वेळी पान सरळ करून.

मला वाटलं झालं. तेवढ्यात तिचा फोन आला, म्हणाली, आईला बोलायचंय. तिची आई पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. बाजूला बसून त्या सगळं ऐकत होत्या आणि त्यांना हे पटलं नव्हतं.

"मॅडम, आमच्या किटच्या कागदावर पण असंच नव्व्याण्णव टक्के वगैरे लिहिलेलं असतं. मग आम्ही रोज पॉझिटिव्ह रिपोर्ट देतो त्यातले सहातले पाच काय चुकीचे असतात?"

प्रश्न अगदी रास्त होता, आणि पुस्तकाच्या प्रश्नात तो येतच नाही. मी त्यांना विचारलं, ताई, तुमच्याकडे लोक येतात ते कसे येतात? त्या म्हणाल्या, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन, ताप असतो, काहीतरी त्रास असतो म्हणून. मग म्हटलं, पुस्तकातला माणूस रस्त्यावरून कुणीही उचललेला आहे, म्हणून हजारात एक. तुमच्याकडे चिठ्ठी घेऊन येणाऱ्यांत समजा दहातल्या एकाला तो आजार असेल. हा दहात एक मी नुसता धरलेला आकडा आहे असंही सांगितलं. तर २,००० माणसं घ्या. २०० आजारी, त्यातले १९८ पॉझिटिव्ह. निरोगी १,८००, त्यांचे ०.५% म्हणजे ९. एकूण पॉझिटिव्ह २०७, खरे १९८. जवळजवळ ९६%.

किट तेच, ९९ आणि ०.५ तेच, आजारी पॉझिटिव्हसुद्धा तेच १९८. फक्त तिकडे ९९९ निरोगी लोक त्यांच्यात मिसळले होते आणि इकडे ९. किटच्या कागदावर आडव्या ओळींचे आकडे छापता येतात, उभ्या रकान्याचा आकडा छापता येत नाही, कारण तो टेस्ट कोणाची करताय त्यावर ठरतो.

त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे कॅम्प लावला की तिथले पॉझिटिव्ह आणि लॅबमधले पॉझिटिव्ह सारखे नाहीत." मी म्हटलं हो, अगदी हेच.

मुलगी मागून म्हणाली, मग पॉझिटिव्ह आलेल्यांची परत तीच टेस्ट करायची ना. मी तिलाच मोजायला लावलं, दोन लाखांच्या टेबलातले १,१९७ घे. १९८ आजाऱ्यांचे ९९% म्हणजे साधारण १९६, ९९९ निरोग्यांचे ०.५% म्हणजे साधारण ५. २०१ पैकी १९६, साडेसत्त्याण्णव टक्के. ती खूश झाली.

पण आई लगेच म्हणाल्या, "तसं नाही होत. एखाद्याच्या रक्तात असं काही असतं की त्याच किटवर ते परत परत पॉझिटिव्हच दाखवतं." आणि हे मला सांगायला हवं होतं, ते त्यांनी आधी सांगितलं. माझ्या हिशोबात दुसरी टेस्ट पहिलीपासून स्वतंत्र धरली होती, ९९९ पैकी परत फक्त ०.५% चुकतील असं. ते ९९९ लोक ज्या कारणाने पहिल्यांदा चुकले त्याच कारणाने दुसऱ्यांदा चुकणार असतील तर ५ च्या जागी कितीतरी जास्त उरतील आणि साडेसत्त्याण्णव खाली घसरेल.

"म्हणून तर एचआयव्हीला लक्षणं नसलेल्या माणसाचं पॉझिटिव्ह पक्कं करायचं तर तीन वेगवेगळी किट वापरतात," त्या म्हणाल्या, "एकच किट तीनदा नाही."

मुलीने टेबलाखाली ते पण लिहून घेतलं.