कंसातला आकडा

परवा दुपारी गंगापूर रोडवर पावसाने झोड उठवली आणि वीज गेली. नातू गॅलरीच्या उजेडात भूगोलाची वर्कशीट लिहीत बसला होता. 'गोदावरी कोठे उगम पावते?' पुढे कंसात 1. पठ्ठ्याने ब्रह्मगिरी, त्र्यंबकेश्वर, कुशावर्त, गौतम ऋषी, कुंभमेळा असं सगळं गोळा करून अर्धं पान भरलेलं. खाली 'इगतपुरीला पाऊस भरपूर, सिन्नरला कमी. भौगोलिक कारण लिहा.' कंसात 3. उत्तर एवढंच : 'कारण इगतपुरीला डोंगर आहेत.'

"अरे, कंसातला आकडा बघितलास का?"

"तो सरांसाठी असतो ना, आजी?"

28 वर्षं पेपर तपासल्यावर हे ऐकावं लागलं! तपासताना शेजारी नमुना उत्तर असतं, त्यात कुठल्या मुद्द्याला किती गुण ते लिहिलेलं. एका गुणाच्या उत्तरात 'ब्रह्मगिरी' दिसलं की लाल पेनाची खूण आणि पुढचा प्रश्न. गौतम ऋषींची गोष्ट कुणी रंगवून लिहिली तर मी वाचायचेही, पण गुण तोच एक.

तीन गुणांचं मात्र तीन पायऱ्यांनी चढावं लागतं. "वारे येतात कुठून?" मी विचारलं. अरबी समुद्रावरून, बाष्प घेऊन. सह्याद्री आडवा आला की वर चढतात. हा एक. "वर गेल्यावर काय होतं?" थोडा वेळ डोकं खाजवून म्हणाला, "गार होतात." गार झाले की बाष्पाचं पाणी होतं आणि घाटमाथ्यावरच्या इगतपुरीला झोडपतं. हा दुसरा. तिसऱ्याला तो म्हणाला, "डोंगरामुळे तिथे जास्त पाऊस पडतो." हा तर पहिलाच, नुसता सदरा बदललेला! बहुतेक मुलांचा गुण इथेच जातो. चार ओळी होतात, मुद्दे दोनच. मी ते वाक्य बोटाने झाकलं. "काही हरवलं का?" नाही. मग त्याला गुण कसला? अखेर सिन्नर सापडलं : डोंगर ओलांडून उतरताना वारे तापतात, त्यांच्यात बाष्पही कमी उरलेलं, म्हणून तिकडे पर्जन्यछायेचा प्रदेश.

हाच प्रश्न एका गुणाला असता तर 'सिन्नर पर्जन्यछायेत येते' एवढ्यावर भागलं असतं. पाच गुणांना आला तर मी डोंगराच्या दोन्ही उतारांची आकृती काढून वाऱ्याचे बाण दाखवायला सांगितलं असतं. अर्थात नुसत्या आकड्यावर विसंबू नये. 'फरक स्पष्ट करा'ला 2 असतात, पण नुसती इगतपुरीची दोन वाक्यं चालत नाहीत. प्रत्येक मुद्द्यात सिन्नरही समोर उभं करावं लागतं.

त्याने सहा ओळी लिहिल्या, मग वरच्या अर्ध्या पानाकडे बघितलं.

"हे खोडू?"

"राहू दे. पेनाने खोडलंस तर पान घाण होईल."

"आणि सरांनी वाचलंच तर?" म्हणत त्याने कुशावर्ताखाली रेघ मारली.