बाथटबचा टवका : आधी गंज, मग रंग

नागपुरात धरमपेठेतील आमच्या जुन्या घरात पांढरा बाथटब आहे. नळ बदलताना त्यात जड पाना पडला आणि तळाशी, पाणी जाण्याच्या जाळीजवळ, सुमारे दोन सेंटिमीटरचा टवका उडाला. टब तीन बाजूंनी टाइल्समध्ये बसवलेला असल्यामुळे तो बदलायचा तर भिंत आणि फरशी दोन्ही फोडावी लागली असती, म्हणून जागेवरच दुरुस्ती करण्याचे मी ठरवले.

सर्वप्रथम टब कशाचा आहे हे तपासले. चुंबक घट्ट चिकटला, म्हणजे आत लोखंड आणि वर एनॅमल होते. ॲक्रिलिकला चुंबक चिकटत नाही. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण एनॅमल म्हणजे सुमारे ८०० अंश सेल्सिअसला धातूवर वितळवून बसवलेली काच असते. ती घरी पुन्हा बसवता येत नाही, त्यामुळे आपण जे भरतो ते नेहमी चिकटवलेले ठिगळच राहते, आणि खालच्या धातूला ते किती घट्ट धरून आहे यावरच त्याचे आयुष्य ठरते. प्लंबरने पांढरे सिमेंट भरण्यास सुचवले होते. मी ते नाकारले, कारण सिमेंट पाणी शोषते आणि गुळगुळीत धातूला नीट धरत नाही, म्हणून त्याच्याखाली गंज वाढतच राहतो.

आमच्या गल्लीत गाड्यांचे डेंटिंग-पेंटिंग करणारे एक अनुभवी कारागीर राहतात. त्यांनी टवका पाहून एवढेच सांगितले, “पयले लोखंड चमकू द्या भाऊ, रंगाचं मग पाहू.” माझ्या मते सगळ्या कामाचे मर्म यातच आहे. गंज टवक्यात दिसतो तेवढाच नसतो, तो शाबूत दिसणाऱ्या एनॅमलच्या कडेखालीही सरकलेला असतो. मी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने कड हलकेच ठोकून पाहिली आणि जिथे पापुद्रा सुटत होता तिथे तो काढून टाकला. त्यामुळे टवका मोठा झाला; असे करायला मन धजत नाही, पण सैल कडेवर भरलेले ठिगळ त्या कडेसकटच निघून येते. मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने लोखंड पांढरे लख्ख होईपर्यंत घासले, खळग्यांतले तपकिरी ठिपकेही ठेवले नाहीत, आणि शेवटी ॲसिटोनने पुसले.

हे काम मी मुद्दाम मार्चच्या कोरड्या हवेत केले. पावसाळ्यात उघडे लोखंड पाहता पाहता पुन्हा गंजू लागते, तर मे महिन्यातल्या उकाड्यात इपॉक्सी कालवता कालवताच घट्ट होते. टबाचा नळ मागच्या व्हॉल्व्हपासून बंद केला आणि जाळीजवळची ओल हेअर ड्रायरने घालवली.

इतवारीतून आणलेली दोन भागांची पांढरी इपॉक्सी लांबी पाकिटावरच्या प्रमाणातच कालवली. हार्डनर जास्त घातला म्हणून ती अधिक कडक होत नाही, उलट पृष्ठभाग चिकट राहतो. एकदम जाड थर न देता पातळ थर देत, शेवटी पातळीपेक्षा किंचित उंच भरली आणि २४ तास हात लावला नाही. वाळल्यावर वर मेणचट थर आला होता. तो साबणाच्या पाण्याने धुऊन मगच ४०० आणि नंतर ८०० नंबरचा वॉटर पेपर ठोकळ्याला गुंडाळून चालवला. भोवताली मास्किंग टेप अगदी ठिगळाच्या कडेपर्यंत लावली होती, कारण हा पेपर काचेवरही कायमचे ओरखडे पाडतो. डोळे मिटून नखाला कड लागेनाशी झाली तेव्हा घासणे थांबवले आणि वरून इपॉक्सीच्याच पांढऱ्या रंगाचे दोन पातळ हात दिले. जुना टब पूर्ण पांढरा नसतो, त्यामुळे छटा दिवसाच्या उजेडात आणि वाळल्यावरच जुळवावी. तरीही निरखून पाहिले तर जागा ओळखू येते. डब्यावर लिहिलेली मुदत संपेपर्यंत टबात पाणी सोडले नाही.

मनीषनगरला भावाच्या फ्लॅटमध्ये ॲक्रिलिकचा टब आहे आणि त्यावर तारेच्या घासणीचे ओरखडे होते. तिथे पद्धत निराळी ठेवली. ॲसिटोन ॲक्रिलिक विरघळवतो, म्हणून केवळ साबणाने धुतले. मग भरपूर पाणी घेत ८००, १२०० आणि २००० नंबरच्या वॉटर पेपरने क्रमाने घासून पॉलिशिंग कंपाउंडने चकाकी आणली. ॲक्रिलिकचा रंग थराच्या पूर्ण जाडीत एकच असल्यामुळे उथळ ओरखडा असा निघून जातो. पाय दिल्यावर तळ लवचिकपणे दबत असेल आणि तिथे चीर पडली असेल, तर मात्र खालून आधार दिल्याशिवाय वरचे कोणतेही भरण टिकत नाही.

आमच्या एनॅमलच्या टबात आता संडासाचे ॲसिड किंवा खरखरीत पावडर वापरू देत नाही. ठिगळाच्या कडेवर अधूनमधून नजर टाकतो. तिथे बारीक तपकिरी रेघ दिसली, तर पाणी आत शिरले असे समजावे. वरून पुन्हा रंग न मारता ते ठिगळ पूर्ण काढून लोखंडापासून काम नव्याने करावे.