फोटोतल्या मेसेजचा वरचा भाग

पंचवटीत राहणाऱ्या माझ्या मावशीने रात्री साडेआठला एक फोटो पाठवला. काकांच्या मोबाइलवर आलेल्या मेसेजचा तिने आपल्या मोबाइलने काढलेला तो फोटो होता आणि खाली लिहिले होते, "अरे, हे आत्ता करायचं का? बारापर्यंतच मुदत आहे." मेसेजचा आशय असा होता की पॅन अद्ययावत नसल्याने खाते आज रात्री बंद होईल, तरी पुढील लिंकवर त्वरित पडताळणी करावी.

मी प्रथम काकांना काहीही दाबू नका असे फोनवर सांगितले. फोटोत ट्यूबलाइटची तिरीप पडली होती आणि मेसेज पाठवणाऱ्याचे नाव जिथे दिसते, नेमका तोच वरचा भाग कापला गेला होता. दुसरा फोटो मागवला, तेव्हा वर +91 ने सुरू होणारा दहा आकडी मोबाइल क्रमांक दिसला. बँकांचे मेसेज अशा क्रमांकावरून येत नाहीत. तिथे दोन अक्षरे, आडवी रेघ आणि बँकेचे संक्षिप्त नाव असते, आणि 2025 पासून शेवटी P, S, T किंवा G हे अक्षरही जोडलेले असते. अर्थात नाव बरोबर दिसले म्हणून मेसेज खरा ठरतोच असे नाही, कारण नावाचीही नक्कल होऊ शकते.

मग लिंककडे वळलो. काका म्हणाले, "त्यात बँकेचं नाव आहे की!" नाव होते, पण अगदी सुरुवातीला. पत्ता कोणाचा आहे हे https:// नंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच डावीकडच्या शब्दांवरून ठरते, आणि तिथे बँकेऐवजी 'kyc', 'verify' आणि '.xyz' असे शब्द होते. आपल्याकडच्या बँकांची संकेतस्थळे आता '.bank.in' या पत्त्यावर आली आहेत. त्या शब्दांच्याही आधीचा, अगदी सुरुवातीचा मजकूर कोणीही आपल्या मनासारखा लिहू शकतो, हे काकांना पटवायला मला बराच वेळ लागला.

"पण केवायसी खरंच राहिली असेल तर?" हा मावशीचा प्रश्न मला रास्त वाटला. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार केवायसीची मुदत संपण्यापूर्वी बँकेने किमान तीन पूर्वसूचना द्याव्या लागतात आणि त्यांतली एक पत्राने असावी लागते. रात्री बारापर्यंतची धमकी त्यात बसत नाही. तरीही मी काकांना पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर फोन करायला लावला, कारण मेसेजमध्ये दिलेल्या क्रमांकावर विचारणे म्हणजे चोरालाच चावी दाखवून विचारण्यासारखे झाले असते. केवायसी पूर्ण असल्याचे तिथून कळले.

काकांनी कुठेही ओटीपी दिलेला नव्हता, त्यामुळे सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार करण्याची वेळ आली नाही. संचार साथी या सरकारी संकेतस्थळाच्या 'चक्षू' विभागात मात्र आम्ही मेसेजची नोंद केली आणि त्या दुसऱ्या, न कापलेल्या फोटोवरून क्रमांक पाहून भरला.